तोंडातला कॅन्डिडा आणि रक्तातला कॅन्डिडा

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करत असल्यामुळे एक प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. घरातलं कुणी अतिदक्षता विभागात असतं, रक्ताच्या तपासणीत ‘कॅन्डिडा’ आल्याचं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, आणि नातेवाईक विचारतात, “मागच्या महिन्यात यांच्या जिभेवर पांढरं आलं होतं, तेव्हाही कॅन्डिडाच म्हणाले होते. तीच बुरशी आता रक्तात उतरली का? तेव्हा नीट औषध घेतलं असतं तर हे टळलं असतं का?”

या प्रश्नामागे अपराधीपणाची बोच असते, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. बहुतेक वेळा नाही. जीव तोच असला, तरी तोंडातून थेट रक्तात उतरणारी वाट सहसा नसते. तोंडात त्याला अडवणारी यंत्रणा वेगळी आणि रक्तात अडवणारी वेगळी. एक ढासळली म्हणून दुसरी ढासळतेच असं नाही. हा फरक समजला की कॅन्डिडाचं बरंचसं वागणं उलगडतं.

कॅन्डिडा अल्बिकन्स ही यीस्ट जातीची, म्हणजे एकपेशीय बुरशी. साधारण निम्म्या निरोगी माणसांच्या तोंडात ती सापडते. आतड्यात आणि योनिमार्गातही असते. बाळ जन्मल्यापासून पुढच्या काही आठवड्यांत ती कुठून तरी येऊन स्थिरावते आणि बहुतेकांच्या शरीरात जन्मभर काही त्रास न देता राहते. सूक्ष्मदर्शकाखाली तिची पेशी लंबगोल दिसते, आकाराने रक्तातल्या तांबड्या पेशीपेक्षा थोडी लहान. पेशीच्या अंगावर एक फुगवटा येतो, तो वाढतो, सुटा होतो आणि नवी पेशी तयार होते. आजूबाजूला जीवाणूंची प्रचंड गर्दी असते. जागा आणि अन्न तेच अडवून बसलेले असल्यामुळे कॅन्डिडाची संख्या आपोआप आटोक्यात राहते.

पण या बुरशीला दुसरं रूपही घेता येतं. ते आम्हाला प्रयोगशाळेत दोन-तीन तासांत पाहायला मिळतं. एका छोट्या नळीत माणसाच्या रक्ताचा अर्धा मिलिलिटर सीरम घ्यायचा, त्यात बुरशीच्या वसाहतीचा अगदी पुसटसा अंश मिसळायचा आणि नळी ३७ अंश सेल्सिअसला ठेवायची. दोन-अडीच तासांनी त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेऊन पाहिलं की मघाच्या गोल पेशींना कोंब फुटलेले दिसतात. मोड आलेल्या मुगासारखं ते दृश्य असतं. कोंब सरळ, दोन्ही कडा समांतर, आणि पेशीतून जिथे निघतो तिथे तो चिमटल्यासारखा अरुंद झालेला नसतो. ओळखायची खूण हीच. मुळाशी चिमटा दिसला तर तो खरा कोंब नव्हे, लांबट झालेला फुगवटा. मिश्रण जास्त घट्ट झालं किंवा तीन तासांपेक्षा जास्त वेळ ठेवलं तर निकाल फसवा येऊ शकतो, म्हणून शिकाऊ मुलांना आम्ही घड्याळ लावून बसवतो.

शरीराचं तापमान आणि रक्ताचा द्रव मिळताच ही बुरशी कोंब काढते, ही बाब मला आजही थबकायला लावते. हा कोंब पुढे लांब तंतू होतो. तंतूच्या पृष्ठभागावर आपल्या पेशींना घट्ट चिकटणारी प्रथिनं असतात आणि गोल पेशीला न जमणारी गोष्ट त्याला जमते: तो दोन पेशींच्या मधून किंवा थेट पेशीत घुसतो. घुसताना तो ‘कॅन्डिडालायसिन’ नावाचं विष सोडतो. ३१ अमिनो आम्लांची ही लहानशी साखळी पेशीच्या आवरणाला भोकं पाडते. २०१६ साली ती ओळखली गेली, तेव्हा कुठे कळलं की तंतू नुसत्या रेट्याने आत जात नाही, वाटही पोखरत जातो.

मग निम्म्या लोकांच्या तोंडात ही बुरशी असून सगळ्यांना त्रास का होत नाही? एक तर तोंडात आणि आतड्यात ती बहुतांशी गोल रूपातच राहते, आणि आतड्यात सुखाने नांदायला तेच रूप तिला सोयीचं असतं. तंतू काढले की शरीराचं लक्ष जातं. तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशी गोल यीस्टकडे जवळपास काणाडोळा करतात. तंतूंची संख्या वाढली आणि विषाचा डंख बसू लागला की त्या संरक्षण यंत्रणेला हाक देतात.

त्या हाकेला पहिली धावून येते ती वरच्या थराची राखण. तिच्या केंद्रस्थानी टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींचा एक गट आणि त्यांनी सोडलेला ‘इंटरल्यूकिन-१७’ हा निरोप असतो. निरोप पोहोचताच अस्तराच्या पेशी बुरशी मारणारी प्रथिनं सोडतात, पांढऱ्या पेशींना बोलावतात आणि अस्तर भराभर नवं करतात. या राखणीवर तोंडाचं आरोग्य किती अवलंबून आहे हे एचआयव्हीने दाखवून दिलं. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सरकारी साथरोग पत्रिकेत लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद छापून आली. एड्सची ती पहिली अधिकृत नोंद. त्या पाचही जणांना कॅन्डिडाचा श्लेष्मल त्वचेचा संसर्ग होता. एचआयव्ही नेमक्या याच टी पेशी संपवतो. सोरायसिससाठी इंटरल्यूकिन-१७ अडवणारी इंजेक्शनं दिली जातात, त्यांच्यावर असलेल्या काही जणांच्या तोंडातही पांढरे चट्टे उमटतात. कारण तेच, फक्त सौम्य.

तोंडातला हा आजार म्हणजे थ्रश. जीभ, गाल, टाळू यांवर दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे थर दिसतात. कापसाच्या बोळ्याने पुसले की निघतात आणि खाली लाल, कधी किंचित रक्ताळलेली जागा दिसते. पुसून न निघणारा पांढरा चट्टा बहुधा वेगळा असतो आणि तो दंतवैद्याला किंवा डॉक्टरांना दाखवायलाच हवा, कारण त्यातले काही पुढे कर्करोगाकडे झुकू शकतात. थ्रश तान्ह्या बाळांना होतो, कारण त्यांची राखण अजून तयार होत असते. दम्याचा स्टेरॉइड पंप घेऊन चूळ न भरणाऱ्यांना होतो, कारण औषधाचा काही भाग घशात बसून तिथली राखण मंदावतो. रात्री कवळी न काढणाऱ्यांना होतो, पण तिथे पांढऱ्या थराऐवजी कवळीखालचा टाळूच लालभडक दिसतो. अँटिबायोटिकनंतर, कोरड्या तोंडात, साखर आटोक्यात नसताना होतो. साधा थ्रश तोंडात विरघळणाऱ्या क्लोट्रिमाझोलच्या गोळीने किंवा निस्टॅटिनच्या द्रवाने एक-दोन आठवड्यांत जातो. सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न: गिळताना छातीत दुखतं का? दुखत असेल तर बुरशी अन्ननलिकेत उतरली असण्याची शक्यता असते. तिथे तोंडातल्या तोंडात विरघळणारं औषध पुरत नाही. फ्लुकोनाझोलसारखं अंगभर पोहोचणारं औषध दोन-तीन आठवडे घ्यावं लागतं.

आता मूळ मुद्दा. एचआयव्ही बळावलेल्या माणसाचं तोंड, घसा, अन्ननलिका बुरशीने पांढरी पडलेली असू शकते, तरी एवढ्यावरून त्याच्या रक्तात कॅन्डिडा सहसा सापडत नाही. जन्मतःच इंटरल्यूकिन-१७ ची वाट बंद असलेल्या मुलांचंही तसंच. त्यांची जीभ, नखं, त्वचा वर्षानुवर्षं त्रास देतात, पण रक्त बहुधा स्वच्छ राहतं. कारण अस्तराच्या खाली दुसरी राखण उभी असते: न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींतला सर्वांत मोठा गट. अस्तर ओलांडून आत आलेली बुरशी ते गिळतात, आणि गिळता न येण्याइतका लांब तंतू असेल तर बाहेरूनच हल्ला करून मारतात. दुसऱ्या भक्षक पेशींची, म्हणजे मॅक्रोफेजची, इथे पंचाईत होते. त्यांनी गोल यीस्ट गिळली की ती पोटातच कोंब काढते आणि पेशी फोडून बाहेर पडते. न्यूट्रोफिलच्या आत असं कोंब काढणं तिला फारसं जमत नाही. म्हणून केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिलची संख्या एका मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली गेलेला रुग्ण, तोंडात एकही पांढरा डाग नसताना, रक्तातल्या कॅन्डिडाच्या धोक्यात असतो.

पण अतिदक्षता विभागातल्या बऱ्याच रुग्णांचे न्यूट्रोफिल तर मुबलक असतात, उलट वाढलेले असतात. मग त्यांच्या रक्तात बुरशी कशी शिरते?

याचं एक जुनं उत्तर आहे. १९६९ साली ‘लॅन्सेट’मध्ये एका प्रयोगाची हकिकत आली. क्राउझे नावाच्या संशोधकाने, स्वतः धडधाकट असताना, कॅन्डिडाच्या अंदाजे एक लाख कोटी पेशी गिळल्या. काही तासांतच त्यांना थंडी वाजून ताप भरला आणि त्यांच्या रक्तात व लघवीत जिवंत कॅन्डिडा सापडला. ते बरे झाले. संख्या अफाट असेल तर धडधाकट आतड्याची भिंतही थोडीफार बुरशी झिरपू देते, आणि बाकी सगळं शाबूत असेल तर शरीर ती निस्तरतं, अशा दोन्ही गोष्टी या एका माणसाने दाखवल्या. उंदरांवरचे पुढचे प्रयोग याच दिशेचे आहेत. अँटिबायोटिक देऊन आतड्यातले जीवाणू मारले की कॅन्डिडा तिथे भरभरून वाढतो, पण आतड्यातच राहतो. तो यकृत-मूत्रपिंडांपर्यंत पसरून जीव घ्यायला आतड्याचं अस्तर जखमी असणं आणि न्यूट्रोफिल कमी असणं या दोन्ही गोष्टी एकत्र लागल्या.

तेव्हा तीन गोष्टी शोधायच्या: संख्या कशामुळे फुगली, भिंत कुठे फुटली, आणि आतली राखण कितपत शाबूत आहे. माणसाच्या बाबतीत भिंत फुटण्याची जागा बऱ्याचदा आपणच, नाइलाजाने, तयार केलेली असते. हे एका उदाहरणातून सांगते. रुग्ण काल्पनिक आहे, पण घटनांचा क्रम रोजच्या पाहण्यातला.

साठीच्या एका बाईंचं मोठं आतडं फुटलं. तातडीने शस्त्रक्रिया झाली, आतड्याचा तुकडा काढला. पोटात मळ सांडलेला असल्यामुळे अनेक प्रकारच्या जीवाणूंना मारणारी अँटिबायोटिक सुरू झाली. तोंडाने खाता येत नसल्याने मानेतल्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन घालून तिच्यातून पोषणाचा द्रव चालू केला. इथे तिन्ही गोष्टी जुळायला लागतात. जीवाणू मेल्याने बुरशीला रान मोकळं. आतड्यातून ती पोटाच्या पोकळीत आधीच सांडलेली. आणि त्वचेतून थेट हृदयाजवळ जाणारी प्लास्टिकची नळी. न्यूट्रोफिल भरपूर आहेत, पण त्या नळीवर कॅन्डिडा चिकट थर बांधतो. त्याला बायोफिल्म म्हणतात: खाली गोल पेशी, वर तंतूंचं जाळं, आणि सगळ्यावर साखरी पदार्थांचा लेप. त्या लेपात न्यूट्रोफिलचं फारसं चालत नाही आणि औषधही पुरेसं पोहोचत नाही. थरातून सुटलेल्या पेशी मात्र रक्तात वाहत राहतात.

पाचव्या दिवशी ताप उतरला. आठव्या दिवशी पुन्हा ३८.६ अंश झाला, रक्तदाब थोडा खाली आला. अँटिबायोटिक बदलून पाहिलं, फरक नाही. थुंकीच्या तपासणीत कॅन्डिडा आला, लघवीतही आला. इथे गल्लत होते. श्वासनलिकेत नळी असलेल्या रुग्णाच्या थुंकीतला कॅन्डिडा जवळपास नेहमी तोंडातून आलेला निरुपद्रवी रहिवासी असतो, आणि लघवीच्या नळीवरचाही बहुतेक वेळा तसाच. त्यावर औषध देऊन फायदा होत नाही. मात्र अशा रुग्णाच्या शरीरावर जागोजागी तो फोफावलाय, एवढी सूचना त्यातून घ्यायची.

त्याच संध्याकाळी रक्ताच्या कल्चरच्या बाटल्या आल्या. यंत्रात बाटली ठेवली की आत काही वाढतंय का ते यंत्र सतत पाहतं. कॅन्डिडाला जीवाणूंपेक्षा जास्त वेळ लागतो. या बाईंची बाटली दीड दिवसाने वाजली. थेंब काचपट्टीवर घेऊन ग्रॅम स्टेन केला, तर जीवाणूंच्या कितीतरी पट मोठ्या, गडद जांभळ्या, फुगवटे आलेल्या पेशी. अशा वेळी अहवाल टाइप होण्याची वाट पाहायची नसते. लगेच फोन उचलायचा. जीवाणूंच्या काही जाती रक्त काढताना त्वचेवरून बाटलीत येतात आणि त्या सोडून देता येतात. कॅन्डिडाला ती सूट नाही. एका बाटलीत एकदाच आला, ताप उतरलेला असला, तरी तो खरा मानून उपचार करायचा. रक्तात कॅन्डिडा सापडलेल्या दर दहांपैकी तीन-चार रुग्ण दगावतात. त्यात मूळ आजाराचा वाटा मोठा असला, तरी उशीर आपल्या हातातला असतो.

उलट बाजूही लक्षात ठेवायची. शरीरात खोलवर कॅन्डिडाचा संसर्ग असूनही सुमारे निम्म्या रुग्णांत रक्ताच्या कल्चरमध्ये काहीच येत नाही. म्हणून ‘कल्चर निगेटिव्ह’ म्हणजे निर्धास्त, असं नाही. बुरशीच्या भिंतीतला बीटा-डी-ग्लुकान हा घटक रक्तात मोजता येतो. तो सापडला नाही तर संसर्ग नसण्याची शक्यता बरीच वाढते. पण सापडला तर कॅन्डिडाच आहे असं ठरत नाही, कारण तो इतर बुरशींतही असतो आणि डायलिसिसच्या काही पडद्यांतून किंवा शस्त्रक्रियेतल्या गॉझमधूनही रक्तात येऊ शकतो.

फोननंतर तासाभरात बाईंना कॅस्पोफंजिन सुरू झालं, पहिल्या दिवशी ७० मिलिग्रॅम, पुढे रोज ५०. हे औषध इकायनोकॅन्डिन गटातलं. बुरशीच्या भिंतीचा ग्लुकान बनणं ते थांबवतं. आपल्या पेशींना अशी भिंतच नसल्यामुळे आपल्याला त्रास कमी. मानेतली लाइन त्याच दिवशी काढली. लाइन जागेवर ठेवून नुसतं औषध देत राहिलं की रक्त दिवसेंदिवस स्वच्छ होत नाही, हे आम्हाला कल्चरवरून दिसत असतं.

दुसऱ्या दिवशी वसाहती वाढल्या आणि कोंबाची तपासणी केली. अडीच तासांनी कोंब फुटले, मुळाशी चिमटा नाही: कॅन्डिडा अल्बिकन्स. हे नाव कळणं उपचारासाठी मोलाचं, कारण अल्बिकन्सवर फ्लुकोनाझोल सहसा चालतं. इथे माझ्या कोंबाच्या गोष्टीची मर्यादाही सांगायला हवी. कॅन्डिडाच्या इतर जातीही आहेत. कॅन्डिडा ग्लाब्राटा शरीरात तंतू काढतच नाही, तरी रक्तात शिरतो आणि फ्लुकोनाझोलला अनेकदा दाद देत नाही. पॅराप्सिलोसिस काळजी घेणाऱ्यांच्या हातांवरून लाइनवर जातो. ऑरिस, ज्याचं पहिलं वर्णन २००९ मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातल्या नमुन्यावरून झालं, त्वचेवर आणि पलंगाच्या कठड्यांवर टिकून एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातो आणि बरीच औषधं पचवतो. तंतू हे अल्बिकन्सचं मोठं शस्त्र आहे, पण भिंत आयती फुटलेली असेल तर त्याच्यावाचूनही काम भागतं.

बाईंचं रक्त रोज पुन्हा कल्चरला लावलं. औषधाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीच्या नमुन्यात बुरशी होतीच, चौथ्या दिवशीच्या नमुन्यात नव्हती. औषधाचे चौदा दिवस या चौथ्या दिवसापासून मोजायचे, पहिल्या डोसपासून नाही. मोजणीतली ही चूक फार होते आणि औषध लवकर बंद पडतं. रुग्ण स्थिर, रक्त स्वच्छ, आणि बुरशी फ्लुकोनाझोलला संवेदनशील असल्याचं चाचणीत आलं, म्हणून सातव्या दिवशी त्यांना त्या औषधावर आणलं.

याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना बोलावलं. रक्तातून वाहणाऱ्या पेशी मूत्रपिंडात, हृदयाच्या झडपांवर आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रुजू शकतात. डोळ्यात त्या कापसाच्या पुंजक्यासारख्या दिसतात, आणि गुंगीत असलेला रुग्ण धूसर दिसतंय हे सांगू शकत नाही. डाग सापडला तर हिशेब बदलतो. इकायनोकॅन्डिन डोळ्यात नीट पोहोचत नाही, फ्लुकोनाझोल पोहोचतं, आणि दोन आठवड्यांच्या जागी निदान चार ते सहा आठवडे लागतात. ज्यांचे न्यूट्रोफिल कमी असतात त्यांच्यात असे डाग सुरुवातीला दिसतच नाहीत, कारण डाग दिसायलाही पांढऱ्या पेशी गोळा व्हाव्या लागतात. त्यांची संख्या सावरल्यावर पुन्हा डोळे पाहावे लागतात, आणि ताप राहिला तर यकृत-प्लीहेचा स्कॅन.

बाईंचे दोन्ही पडदे स्वच्छ निघाले. सतराव्या दिवशी त्यांचं औषध थांबलं. त्यांच्या तोंडात या सगळ्या काळात एकही पांढरा चट्टा नव्हता.